घशाची तक्रार आणि चार साक्षी

घसा धरला, गिळताना टोचू लागले आणि अंगात कसर भरली, की आपल्या घरांतून प्रथम जो उपाय होतो तो औषधाचा नसून निरीक्षणाचा असतो. घरातील एखादे जाणते माणूस रुग्णाला उजेडात नेऊन ‘आ’ करावयास लावते, चमच्याच्या दांड्याने त्याची जीभ दाबते, आणि आत टॉन्सिलवर पांढरा ठिपका दिसला रे दिसला, की ‘पू झाला आहे, आता अँटिबायोटिकवाचून गत्यंतर नाही’ असा फैसला तेथल्या तेथे देऊन मोकळे होते. ठिपका दिसला नाही, तर मिठाच्या गुळण्यांवर प्रकरण निकालात निघते. हे दोन्ही निर्णय एकाच पुराव्यावर आधारलेले असतात, आणि तो पुरावा चार पुराव्यांपैकी सर्वांत फसवा आहे. घसादुखी विषाणूंची की जंतूंची हे ठरविताना ताप, खोकला, टॉन्सिलवरील डाग आणि मानेतील गाठी या चार गोष्टींची जबानी एकत्र घ्यावी लागते, आणि ती घेतल्यावरही जो निष्कर्ष हाती येतो त्याची मर्यादा कोठपर्यंत आहे, हे ध्यानी ठेवावे लागते.

हा भेद करावयाचा कशासाठी, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. बहुसंख्य घसादुखी ही सर्दी-पडसे आणणाऱ्या नाना विषाणूंची करणी असते. त्यांच्यावर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही, आणि आठवडाभरात शरीर त्यांचा बंदोबस्त आपण होऊन करते. घशात शिरणाऱ्या जंतूंपैकी ज्याची मुख्यत्वे दखल घ्यावी लागते तो म्हणजे ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस, ज्याच्या आजाराला डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘स्ट्रेप’ म्हणतात. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या १०० प्रौढांपैकी ५ ते १५ जणांत, आणि १०० मुलांपैकी सुमारे २० ते ३० जणांत हा जंतू सापडतो. ५ ते १५ वर्षे हे त्याचे आवडते वय, तर ३ वर्षांखालील बालकांत तो विरळा. गंमत अशी, की स्ट्रेपचा घसादेखील पुष्कळदा औषधावाचून बरा होतो, आणि औषधाने दुखणे फार तर एखादा दिवस आधी आटोपते. मग औषधाचा आग्रह का? कारण उपचाराविना राहिलेल्या काही थोड्या मुलांत, घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटल्यावर, ऱ्हुमॅटिक फीव्हर उद्भवतो: सांधे एकामागून एक सुजतात, आणि हृदयाच्या झडपांना अशी इजा पोहोचू शकते, की ती जन्मभर पुरते. भारतात हा रोग अद्याप इतिहासजमा झालेला नाही. अँटिबायोटिक द्यावयाचे ते मुख्यतः या पुढच्या संकटाचे निवारण म्हणून.

चार लक्षणांची ही मांडणी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रॉबर्ट सेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. घसादुखीची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढांचे परीक्षण करून त्यांनी दाखवून दिले, की ताप, खोकल्याचा अभाव, टॉन्सिलवरील पुवाचे डाग आणि मानेच्या पुढील भागातील दुखऱ्या गाठी यांपैकी जितकी लक्षणे हजर, तितकी स्ट्रेपची शक्यता चढत जाते. पुढे १९९८ साली टोरांटोचे वॉरन मॅक्आयझॅक यांनी तिला वयाची जोड दिली. आता या चौघांची साक्ष क्रमाने तपासू.

खोकला: ज्याची गैरहजेरी बोलते

पहिला साक्षीदार चमत्कारिक आहे. तो हजर नसला तरच स्ट्रेपच्या संशयाला एक गुण मिळतो. याचे कारण जंतूच्या स्वभावात आहे. विषाणू श्वसनमार्गाच्या संपूर्ण अस्तरावर पसरतो. नाक वाहते, डोळे लालसर होतात, स्वरयंत्र सुजून आवाज बसतो आणि श्वासनलिका चाळवली जाऊन खोकला सुरू होतो. स्ट्रेपचा जंतू मात्र बहुधा घसा आणि टॉन्सिल यांच्या हद्दीतच ठाण मांडून बसतो, म्हणून नाक कोरडे, आवाज स्वच्छ आणि खोकला नाही, पण घोट घेणे मात्र असह्य, असे चित्र दिसते. त्याची सुरुवातही बहुधा अकस्मात होते. सकाळी शाळेत हसतखेळत गेलेले मूल सायंकाळी पाण्याचा घोट घ्यावयास नकार देते, आणि लहान मुलांत त्याबरोबर डोकेदुखी, पोटदुखी किंवा वांतीही असते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. घशात काही अडकल्यासारखे वाटून रुग्ण जो वारंवार खाकरतो, तो खोकला नव्हे. आणि दम्याच्या रुग्णाचा, धूम्रपान करणाऱ्याचा किंवा धुळीत काम करणाऱ्याचा जो नेहमीचा खोकला, तोही हिशेबात धरू नये. घसा दुखू लागल्यापासून नव्याने सुरू झालेला खोकला तेवढा विचारात घ्यावा.

ताप: मोजला तरच ग्राह्य

दुसरा साक्षीदार ताप. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, याहून अधिक ताप गुणास पात्र. हाताच्या स्पर्शाने ‘अंग गरम आहे’ असे म्हणणे या कामी पुरेसे नाही. तापमापी वापरावी, आणि काखेत लावल्यास तिचा आकडा तोंडातील आकड्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी येतो, हे लक्षात असू द्यावे. त्याहून मोठी चूक वेळेची होते. सकाळी पॅरासिटामॉलची गोळी घेऊन दुपारी दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णाचा ताप तेथे ९९ भरतो, आणि कागदावर ‘ताप नाही’ अशी नोंद होते. गोळीचा अंमल चार ते सहा तास टिकतो. म्हणून त्याआधी घरी मोजलेला ताप, वेळ आणि गोळी घेतल्याची वेळ अशी तिन्ही टिपून डॉक्टरांना सांगावी. गेल्या चोवीस तासांत येऊन गेलेला ताप हाही तापच होय.

तथापि, या साक्षीवर एकट्याने विसंबून चालत नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू १०३ अंशांचा ताप सहज आणतो, आणि स्ट्रेपचा एखादा रुग्ण १०१ वरच थांबतो. तापाचा चढ हे गुन्हेगाराच्या ओळखीचे चिन्ह नव्हे. तो बाकीच्यांच्या जबानीला दुजोरा देतो, इतकेच.

टॉन्सिलवरील डाग: सर्वांत फसवी साक्ष

घसा पाहण्याची रीत अशी. रुग्णाला खुर्चीवर बसवून आपण समोर बसावे, मोबाइलची विजेरी बाजूने धरावी, आणि जीभ बाहेर न काढता लांब ‘आ’ म्हणावयास सांगावे. तेवढ्याने न भागल्यास चमच्याच्या दांड्याने जिभेचा मधला भाग हळूच दाबावा, मुळाशी दाबल्यास उमासा येतो. मध्ये लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही अंगांना कमानीमध्ये बसलेले दोन मांसल उंचवटे म्हणजे टॉन्सिल. त्यांवर पांढऱ्या-पिवळ्या पुवाचे ठिपके किंवा साय दिसली, तर एक गुण. मॅक्आयझॅक यांच्या हिशेबात टॉन्सिलची ठळक सूजही या गुणास पात्र ठरते. नुसता लालपणा मात्र नव्हे, कारण तो बहुतेक प्रत्येक दुखऱ्या घशात असतो.

आता फसगत कोठे होते ते पाहू. ॲडेनोव्हायरससारखे विषाणू हुबेहूब असेच पांढरे डाग उठवतात. तरुण वयात होणारा ग्रंथिज्वर, ज्याचा कर्ता एप्स्टाइन-बार हा विषाणू आहे, तो तर टॉन्सिलवर जाड साय आणतो, आणि या रोगात चुकून ॲमॉक्सिसिलिन दिले गेले तर पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठून नवेच प्रकरण उभे राहते. काही निरोगी माणसांच्या टॉन्सिलच्या खळग्यांत अन्नकण साचून पांढरे खडे बनतात. ताप नाही, दुखणे नाही, फक्त मुखदुर्गंधी, तेव्हा ते पू नव्हेत. टॉन्सिलऐवजी टाळूच्या मागच्या भागावर लाल कडेचे बारीक व्रण दिसत असतील, तर ते बहुधा विषाणूंचे काम. उलट, टाळूवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले असतील, तर स्ट्रेपचा संशय वाढतो, जरी टॉन्सिल स्वच्छ असले तरी. थोडक्यात, पांढरा डाग असून स्ट्रेप नसणे आणि डाग नसून स्ट्रेप असणे, ही दोन्ही नित्याची उदाहरणे आहेत.

मानेतील गाठी: कोणत्या, आणि दुखऱ्या की नुसत्या

चौथी साक्ष बोटांनी घ्यावयाची. जबड्याचा कोन, म्हणजे कानाच्या पाळीखाली जेथे हाड वळते ती जागा, चाचपून घ्यावी. तेथून किंचित खाली, कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरपा उतरणारा जो जाड स्नायू आहे त्याच्या पुढच्या कडेला, दोन्ही हातांच्या बोटांच्या पेरांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंना हळुवार दाब द्यावा. टॉन्सिलकडून येणारा लसीकेचा प्रवाह येथील ग्रंथींत पोहोचतो, म्हणून टॉन्सिलला जंतूंचा उपसर्ग झाला, की त्या सुजतात. मात्र गुण आकारापेक्षा दुखण्याला द्यावा. लहान मुलांच्या मानेत छोट्या, सरकणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी एरवीही लागतात. त्यांचा या तक्रारीशी संबंध नसतो. दाबताच मुलाने मान आखडून घेतली, तर मात्र ती नोंद घेण्याजोगी. गाठी त्या स्नायूच्या मागे, मानेच्या पाठीमागच्या अंगाला लागत असतील आणि काखेतही असतील, तर स्ट्रेपपेक्षा वर सांगितलेल्या ग्रंथिज्वराकडे लक्ष वळवावे.

हिशेब आणि त्याचा अर्थ

चौघांपैकी स्ट्रेपकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक साक्षीला एक गुण. वय ३ ते १४ असेल तर आणखी एक गुण मिळवावा. १५ ते ४४ असेल तर काही नाही. ४५ किंवा अधिक असेल तर एक गुण वजा करावा. बेरीज १ किंवा त्याहून कमी आली, तर १०० रुग्णांपैकी १० पेक्षाही कमी जणांत स्ट्रेप निघतो. २ आल्यास १५ च्या आसपास, ३ आल्यास जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतक्या जणांत. आणि ४ किंवा ५ आल्यावरही प्रमाण निम्म्याच्याच घरात राहते.

या शेवटच्या आकड्यापाशी वाचकांनी थोडे थांबावे, कारण या साऱ्या विवेचनाचे सार तेथे आहे. चारही साक्षी स्ट्रेपविरुद्ध गेल्या, तरी तो शाबीत होण्याचा संभव नाणेफेकीएवढाच. परंतु साक्षी त्याच्या बाजूने गेल्या, तर त्याची निर्दोष सुटका बहुतांशी निर्धास्तपणे करता येते. म्हणजेच ही पद्धत स्ट्रेप सिद्ध करण्यासाठी नसून, कोणाच्या घशाची तपासणी करावयाची आणि कोणाची नाही, हे निवडण्यासाठी आहे. बेरीज ०-१ असेल तर तपासणीही नको आणि अँटिबायोटिकही नको. २ पासून पुढे डॉक्टरांकडून घशाची तपासणी करून घ्यावी.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका घरात ४६ वर्षांच्या वडिलांचा घसा शुक्रवारी धरला, ताप १००.८, नाक वाहते, आवाज घोगरा, दिवसभर खोकला, आणि उजव्या टॉन्सिलवर दोन पांढरे ठिपके. मानेत दाबले तर दुखत नाही. चार दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी, त्यांच्या ९ वर्षांच्या मुलीला १०२ ताप भरला. घोट गिळवत नाही, एकदा वांती झाली, खोकला नाही, सर्दी नाही. टॉन्सिल लाल, पण सूज नाही आणि ठिपकाही नाही. जबड्याच्या कोनाखाली मात्र दोन्हीकडे हात लावू देत नाही. घरचा न्याय असा होईल, की वडिलांच्या घशात पू आहे, त्यांना अँटिबायोटिक हवे; आणि मुलीला बाबांचेच पडसे लागले आहे, होईल बरे दोन दिवसांत.

हिशेब नेमके उलटे सांगतो. वडिलांना तापाचा १, डागांचा १, खोकला असल्याने ०, गाठींचा ०, आणि वयाचा वजा १, बेरीज १. मुलीला तापाचा १, खोकला नसल्याचा १, गाठींचा १, डाग नसल्याने ०, आणि वयाचा १, बेरीज ४. तपासणीची गरज आहे ती डाग नसलेल्या मुलीला. तिच्या घशाच्या तपासणीत स्ट्रेप निघाला, असे समजू. मग वडिलांचे काय? हे गुण एरवीच्या रुग्णांसाठी बांधलेले आहेत. घरात सिद्ध झालेला रुग्ण असला, की त्यांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. वडिलांचा घसा अद्याप दुखत असेल, तर डॉक्टर त्यांचीही तपासणी सुचवतील. त्यांचा घोगरा आवाज आणि खोकला मात्र विषाणूचीच ग्वाही देत राहतात. घरातील ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांची तपासणी करण्याचे कारण नाही.

तपासणी, मुदत आणि औषध

तपासणी म्हणजे दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून बोळा फिरवून घेतलेला नमुना. त्यावरून काही मिनिटांत निकाल देणारी झटपट चाचणी मिळते. तिने होकार दिला तर तो बहुधा विश्वसनीय, पण मुलांत तिने नकार दिला तर त्या नमुन्याचे कल्चर, म्हणजे जंतूंची वाढ करून पाहणे, अधिक खात्रीचे. कल्चरला एक-दोन दिवस लागतात, आणि तोवर थांबण्यात अनर्थ नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले, तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर टाळता येतो. नमुना मात्र अँटिबायोटिकची पहिली मात्रा घेण्यापूर्वी द्यावा, अन्यथा जंतू दडपला जाऊन निकाल खोटा येतो. रक्तातील ‘एएसओ’ ही चाचणी पुष्कळदा या प्रसंगी सांगितली जाते. तिचा आकडा वाढण्यास एक ते तीन आठवडे लागत असल्यामुळे, ती मागे होऊन गेलेल्या उपसर्गाचा दाखला देते, आजच्या घशाचा नव्हे.

स्ट्रेप सिद्ध झाल्यास पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन हे पहिल्या पसंतीचे औषध, आणि तोंडावाटे घ्यावयाचे असल्यास त्याची मुदत १० दिवसांची. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते, आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. हीच चूक सर्वाधिक होते, कारण औषध लक्षणांसाठी नसून जंतूच्या निर्मूलनासाठी आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर ते प्रथमच सांगावे; पर्यायी औषधे आहेत, ती डॉक्टर ठरवतील. औषध सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप उतरला, की मुलाला शाळेत धाडण्यास हरकत नाही. विषाणूची घसादुखी असेल, तर पॅरासिटामॉल, कोमट पेय आणि, मूल गुळणी करू शकेल एवढे मोठे असेल तर, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर भागते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

जेथे हिशेब मांडू नये

काही प्रसंगी बेरीज-वजाबाकीत वेळ न दवडता रुग्णाला तातडीने रुग्णालयात हजर करावे. लाळ गिळता न आल्याने ती तोंडातून गळणे, श्वास घेताना आवाज येणे किंवा धाप लागणे, तोंड पुरते उघडता न येणे, आवाज दबलेला येणे, घशाची एकच बाजू फुगून पडजीभ दुसरीकडे ढकलली जाणे, मान ताठणे, ही लक्षणे घशामागील गळू किंवा श्वासमार्गाच्या सुजेची असू शकतात. अशा रुग्णाच्या तोंडात घरी चमचा घालण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. टॉन्सिलवर राखाडी, घट्ट चिकटलेला पडदा दिसला, तो पडजिभेकडे पसरत असला, मान दोन्ही बाजूंनी सुजली असली, आणि मुलाचे लसीकरण अपुरे असले, तर घटसर्पाचा संशय धरावा; तो पडदा खरवडल्यास रक्त येते, म्हणून त्याला हात लावू नये. अंगावर खरखरीत लाल पुरळ उठले, तर स्ट्रेपचाच स्कार्लेट फीव्हर असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लघवी तांबूस होणे किंवा चेहरा सुजणे, अथवा घसा बरा झाल्यावर सांधे दुखू लागणे, ही लक्षणे दोन-तीन आठवड्यांनंतर दिसली तरी मागच्या घसादुखीची हकिकत डॉक्टरांना अवश्य सांगावी, कारण त्या हकिकतीवाचून या लक्षणांचा अर्थ लागत नाही. याशिवाय ज्यांना पूर्वी ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेला आहे किंवा हृदयाची झडप बिघडलेली आहे, त्यांच्या बाबतीत बेरीज कितीही कमी आली, तरी प्रत्येक घसादुखी डॉक्टरांच्या नजरेखालून गेली पाहिजे.